दोन पोळ्यांच्या मध्ये बसायचं का? (गुडघेदुखी, घरकाम आणि नंदाची गोष्ट)

ऋजुता_फि
नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडच्या महिला मंडळात गुडघेदुखीवर बोलायचंय. सूचनांचं पत्रक वाटलं की त्यात दुसऱ्या दिवशी भाजी निवडली जाते, म्हणून यंदा एक छोटी गोष्ट वाचून दाखवणार आहे. गोष्टीतली नंदा ही कोणी एक बाई नाही, बऱ्याच जणींची मिळून केलेली आहे. ज्यांच्या घरात रोज ओटा चालतो त्यांनी वाचून सांगा, कुठे खोटं वाटतं?

*नंदा, वय ५४, मिरज. दुसरा मजला, लिफ्ट नाही. सकाळी सहाला नळ येतो आणि सव्वासातला जातो. डॉक्टरांनी एक्स-रे बघून "झीज सुरू झालीय, वजन थोडं कमी करा, व्यायाम करा" एवढं सांगितलं.*

*नंदाचा आठवडा ठरलेला. सोमवारी गुडघा बरा असला की चादरी धुवायच्या, फरशी उकिडवं बसून पुसायची, दळण स्वतः आणायचं. मंगळवारी संध्याकाळी गुडघा फुगलेला. बुधवार-गुरुवार पलंगावर, आणि "मी आता कशाचीच राहिले नाही". शुक्रवारी बरं वाटलं की साचलेलं सगळं एका दमात.*

*फिजिओने तिला आधी व्यायाम दिलाच नाही. तीन दिवस फक्त एक गोष्ट लिहायला सांगितली: ओट्याशी उभं राहिल्यापासून दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं जातात. नंदाने कॅलेंडरवर लिहिलं, २५, १५, २०. सरासरी वीस. "मग तुम्ही सोळा मिनिटांनी बसायचं. सोपं जावं म्हणून पंधरा धरू. पाच मिनिटं बसा, मग पुन्हा उठा."*

*"पण पंधरा मिनिटांनी दुखतच नसतं."*

*"म्हणूनच तेव्हा बसायचं. दुखायला लागल्यावर बसलात की गुडघा शांत व्हायला पाच मिनिटं पुरत नाहीत, दुपार जाते."*

*नंदाला ते पटलं नाही, पण तिने केलं. कणीक मळून झाकून ठेवली आणि भाजी खुर्चीत बसून चिरली. फोडणी उभ्याने, लसूण बसून. आठ पोळ्या झाल्या की गॅस बंद, पाच मिनिटं मटार सोलायचे, मग उरलेल्या आठ. फरशीला उभ्याने पुसायचा मॉप आणला आणि एका दिवशी एकच खोली. जिना दिवसातून तीनदा व्हायचा, तो एकदा.*

*सोबत तीन व्यायाम. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती पाच सेकंद दाबून धरायची, दहा वेळा. उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा, दुसरा पाय सरळ ठेवून वीत-दीड वीत उचलायचा, पाच सेकंद धरून हळू खाली, आठ-दहा वेळा. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. ते जमेना, म्हणून खुर्चीवर घडी केलेली गोधडी ठेवून पाच वेळा, थांबून पुन्हा पाच.*

*दर आठवड्याला ओट्यापाशी दोन मिनिटं वाढवायची, गुडघा कितीही छान वाटला तरी दोनच. तिसऱ्या आठवड्यात छान वाटलं आणि नंदाने माळा साफ केला. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. ती सगळं सोडून पलंगावर जाणार होती. फिजिओ म्हणाली, "सगळं नाही सोडायचं. दोन दिवस पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक. टॉवेल दाबणं चालू, खुर्ची बंद. मग परत मागच्या पायरीवर."*

*नवव्या आठवड्यात खुर्चीवरची गोधडी निघाली. ओट्यापाशी अर्धा तास जातो. जिना उतरताना अजून दुखतं. एक्स-रे होता तसाच असणार, कोणी पुन्हा काढलेला नाही.*

इतकीच गोष्ट आहे. झोडा.

तवा_तापला
गोष्ट आवडली, पण आठ पोळ्यांनंतर गॅस बंद हे लिहिणाऱ्याने पोळ्या केल्या नसाव्यात असं वाटायला लावतं. तवा थंड होतो, पुन्हा तापला की पहिली पोळी कडक. घरात कोणी तरी म्हणतंच, "आज पोळ्या चिवट झाल्यात."

करायचं तर क्रम बदला. लाट्या टेबलाशी बसून करायच्या. सहा-सात पोळ्या बसूनच लाटून वर्तमानपत्रावर सुट्या पसरून ठेवायच्या, एकावर एक नाही, चिकटतात. आणि सातच्या वर नको, पहिल्या पोळीच्या कडा सुकायला लागतात आणि ती फुगत नाही. मग उठून सलग भाजायच्या. सात पोळ्या भाजायला सात-आठ मिनिटं. असं दोनदा केलं की बारा-चौदा पोळ्या होतात, उभं राहणं मधे तुटतं, आणि तवा दोनदाच तापतो.

ऋजुता_फि
@तवा_तापला, हेच हवं होतं. बदलते. फक्त टेबल कोपराच्या उंचीचं हवं. उंच टेबलावर लाटलं तर खांदे वर चढतात आणि गुडघ्याच्या जागी मान धरते.

अण्णा_कवठेकर
ताई, आपल्या शिक्षणाबद्दल आदर आहे. पण झिजलेल्या सांध्याला व्यायाम म्हणजे गुळगुळीत झालेला टायर आणखी पळवणे. वंगण संपलेलं आहे, तर वापर कमी करावा हे साधं तर्काचं आहे. आमच्या पिढीत बायका गुडघे दुखू लागले की स्वस्थ बसत.

कोयरी
अण्णा, तुमच्या पिढीत बायका कधी स्वस्थ बसत? पत्ता द्या, जाऊन येते. 😄

ऋजुता_फि
अण्णा, अर्धं बरोबर आहे. उकिडवं बसून तासभर फरशी पुसणं, जड बादली घेऊन जिना, हा भार दुखऱ्या गुडघ्याला खरंच नको. पण टायरला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही आणि त्याच्या भोवती स्नायूही नसतात. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आत-बाहेर व्हायला दाब पडणं आणि सुटणं लागतं. म्हणजे हालचाल लागते.

दुसरं असं की गुडघा दुखला की मांडीचा पुढचा स्नायू लवकर बारीक होतो. तो उतरताना ब्रेकचं काम करतो. तो अशक्त झाला की जिन्याच्या प्रत्येक पायरीला धक्का सांध्यावर येतो. स्वस्थ बसण्याने हा स्नायू आणखी जातो. गेलेली कूर्चा व्यायामाने परत येते असं मात्र मी म्हणत नाही.

पिंपळपान७२
मुलगा १९ वर्षांचा, फुटबॉल खेळताना पाय मुरगळला, गुडघा मधेच अडकतो, सरळ होत नाही. हे टॉवेलचं किती दिवस करावं?

ऋजुता_फि
@पिंपळपान७२, त्याला हे लागू नाही. खेळताना मुरगळून नंतर गुडघा अडकत असेल तर आत गादी फाटलेली असू शकते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, थांबू नका, आणि तोवर खेळ बंद.

नंदाच्या वयाच्या बायकांसाठीही सांगून ठेवते. गुडघा लाल आणि गरम होऊन ताप आला, पडल्यावर पायावर उभंच राहता येईना, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, गुडघा अचानक दगा देऊन पडायला झालं, तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टर. पोटरीचं आणि तापाचं त्याच दिवशी.

पिंपळपान७२
धन्यवाद. सोमवारची वेळ घेतली.

शवासनप्रेमी
वज्रासनाचा उल्लेख नाही याचं आश्चर्य वाटलं. जेवणानंतर दहा मिनिटं वज्रासन केलं तर गुडघ्याचं रक्ताभिसरण सुधारतं आणि दुखणं जातं, हे शेकडो वर्षांचं ज्ञान आहे.

मेतकूट_भात
ज्याचा गुडघा बरा आहे त्याला वज्रासन चालतं. पण त्यात गुडघा पूर्ण दुमडतो, वर सगळं वजन, आणि वाटी मागे दाबली जाते. सुजलेल्या गुडघ्यात त्याला जागाच नसते. शिकवणारे चांगले योगशिक्षकही अशा माणसाला टाच आणि बैठकीच्या मध्ये जाड उशी देतात किंवा खुर्चीत बसवतात.

शवासनप्रेमी
उशीचं मान्य. रक्ताभिसरणाचं मी सोडणार नाही.

हळू_हळू_चल
मीही याच क्षेत्रातली, दीर्घकालीन दुखणं असलेल्या रुग्णांबरोबर काम करते. ऋजुता, तुझ्या गोष्टीतल्या घड्याळाबद्दल माझी तक्रार आहे.

वेळ ठरवून थांबण्याची युक्ती नंदासारखीला उपयोगी, जी बऱ्या दिवशी सगळं उरकते आणि मग दोन दिवस पडते. पण दुसऱ्या प्रकारची बाई असते. ती आधीच घाबरलेली असते, प्रत्येक कळ म्हणजे सांधा झिजतोय असं तिला वाटतं. तिला "दुखायच्या आधी बसा" सांगितलं की ती दहा मिनिटांवर येते, मग आठवर, मग कोणाला तरी पोळ्यांना ठेवते. तिच्यासाठी घड्याळ हे न हलण्याचं कारण होऊन बसतं. शिवाय वेळापत्रकाने काम केलं तर फायदा होतो याचा पुरावा व्यायामाच्या पुराव्याइतका भक्कम नाही. व्यायाम मुख्य, घड्याळ त्याला मदतनीस. तुझ्या गोष्टीत मला ते उलटं दिसलं.

तू आठवड्याला दोन मिनिटं वाढवतेस ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते वाढणं नसेल तर तो उपचार नाही, नुसती काटकसर आहे.

ऋजुता_फि
पुराव्याचं मान्य. म्हणूनच ते दोन मिनिटांचं वाक्य गोष्टीत आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी नंदाच आहेत. घाबरलेली घरी बसते, मंडळात येत नाही. घड्याळ नसलं तर व्यायामाला जीवच उरत नाही, सगळा फरशीत जातो. कुठलं आधी यावर आपलं जुळणार नाही असं दिसतं.

हळू_हळू_चल
नाही जुळणार. निदान एक वाक्य घाल, की व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. नाहीतर पहिल्याच कळेला टॉवेल कपाटात जाईल.

बाबूराव_आपटत_नाहीत
थोडं म्हणजे किती? आमच्या घरी "थोडं" मीठ घातलेल्या आमटीवरून भांडणं झालीत.

हळू_हळू_चल
शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य, असं मनात धरा. व्यायाम करताना चारपर्यंत गेलं तर चालतं. पाहायचं ते दुसऱ्या दिवशी. २४ तासांत दुखणं नेहमीच्या पातळीला आलं आणि सूज वाढलेली नाही, तर कालचं प्रमाण बरोबर होतं. सकाळी उठताना नेहमीपेक्षा जास्त आखडलं, गुडघा भरल्यासारखा वाटला, तर पुढच्या वेळी संख्या अर्धी करा. व्यायाम बदलू नका आणि बंदही करू नका.

गोधडीवाली
खुर्चीच्या व्यायामात सगळ्यात जास्त चुका होतात, तो गोष्टीत एका ओळीत उरकलाय. मी वृद्धांसाठीच्या केंद्रात हे वर्ग घेते, म्हणून सविस्तर.

पहिली गोष्ट, खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. प्लॅस्टिकची खुर्ची टाइल्सवर मागे सरकते आणि माणूस खाली बसतो. दुसरी, तळवे गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यायचे. पाय पुढे ठेवून उठायला गेलं की उठताच येत नाही आणि मग माणूस झोका घेतो. झोक्याने उठलं तर काम मांडीऐवजी झोकाच करतो. तिसरी, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाकायचं आणि मग उठायचं. पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला गेलं की गुडघ्यावर जास्त येतं.

चौथी, बसताना. बहुतेक जणी शेवटच्या वितीत स्वतःला सोडून देतात, धप्पकन आवाज येतो. तोच भाग खरा व्यायाम आहे, जिना उतरताना लागणारी ताकद त्यातच तयार होते. मनात तीन मोजत बसायचं. आवाज आला तर गोधडीची आणखी एक घडी वाढवा, बैठक उंच करा.

पाचवी, दोन्ही गुडघे आत एकमेकांकडे वळतात का ते समोर बसलेल्याने बघायचं. वळत असतील तर बाजूच्या, म्हणजे नितंबाच्या स्नायूंना काम द्यावं लागतं. कुशीवर झोपून गुडघे वाकवायचे, टाचा जुळलेल्या ठेवायच्या, वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडायचा. दहा वेळा. कंबर मागे लोळली तर ते बाद.

तवा_तापला
धप्पकन आवाजाची खूण फार उपयोगी. आत्ता बसून पाहिलं. आवाज आला. 🙈

मेतकूट_भात
पाय सरळ उचलण्याच्या व्यायामातही एक. कंबर जमिनीवरून उचलली जात असेल किंवा श्वास रोखला जात असेल तर पाय फार उंच जातोय. दुसरा गुडघा वाकवून ठेवायचा तो कंबरेसाठीच. रक्तदाब असलेल्यांनी मोठ्याने आकडे मोजावेत, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

आणि ती टॉवेलची गुंडाळी व्यायाम झाल्यावर काढून ठेवा. रात्रभर गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला बरं वाटतं, पण रोज तसं झोपलं की गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो आणि मग चाल लंगडी पडते.

बाबूराव_आपटत_नाहीत
बायकोच्या गुडघ्याला पट्टा आणलाय, ते नी-कॅप की काय. दिवसभर घालते. बरं की वाईट? आणि ग्लुकोसामाइनच्या गोळ्या औषधवाल्याने दिल्यात, दरमहा बऱ्यापैकी पैसे जातात.

ऋजुता_फि
पट्टा काम करताना घाला, बसल्यावर काढा, झोपताना नकोच. त्याने भरवसा वाटतो, ताकद येत नाही. पोटरीवर वळ उठत असतील तर तो लहान आहे.

ग्लुकोसामाइन: अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आणि ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत ते गुडघ्याच्या झिजेसाठी देऊ नये असंच म्हटलंय. दोन्हीकडे व्यायाम पहिल्या फळीत आहे. लावायचं वेदनाशामक जेल मात्र चालतं. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या मनाने सुरू करू नका, रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंड यांचा प्रश्न असेल तर मुळीच नाही.

बाबूराव_आपटत_नाहीत
गोळ्यांचं बायकोला सांगतो. औषधवाला शेजारीच राहतो, त्याला तुम्ही सांगा.

कोयरी
वजनाचं कोणीच बोललं नाही. घाबरताय का?

मेतकूट_भात
घाबरत होतो, पण आता विषय निघालाच आहे तर. वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, असं २००५ सालच्या अभ्यासात मोजलेलं आहे. पाच किलो उतरले तर पावलाला वीस. पण गुडघा दुखणाऱ्या बाईला "चालून वजन कमी करा" सांगणं क्रूर आहे. आधी मांडीची ताकद, तेवढ्यात ताटातलं थोडं बघायचं, मग चालणं दहा मिनिटांपासून.

अण्णा_कवठेकर
जिना चढताना कुठला पाय आधी? आमच्याकडे दोन मतं आहेत आणि दोघंही हटत नाहीत. (टायरचा मुद्दा मागे घेतलेला नाही, फक्त बाजूला ठेवलाय.)

गोधडीवाली
चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कठड्याला हात. पुढच्या पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची. काठी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. दुखऱ्या बाजूला धरली की माणूस तिच्यावर कलतो आणि भार कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

नळ_सहाचा
मूळ प्रश्न "कुठे खोटं वाटतं" हा होता. सांगते. नळ सव्वासातला जातो हे लिहिलंय आणि पुढे नळ गायब. पाणी भरताना पंधरा मिनिटांनी कोणी बसत नाही. नंदाचा सगळ्यात जड तास तोच आहे आणि तो सोडून गोष्ट पोळ्यांवर गेली.

दुसरं, घरातले बाकीचे कुठे आहेत? नंदा खुर्चीत बसली की पहिला प्रश्न येतो, "बसलीच आहेस तर चहा टाक." हा प्रश्न गोष्टीत आला पाहिजे, नाहीतर बायका हसतील आणि निघून जातील.

ऋजुता_फि
दोन्ही मान्य. पाण्याचं काय करावं? मी विचार केलाय तो असा: पूर्ण बादलीऐवजी अर्धी, दोन हातांत दोन अर्ध्या, म्हणजे एका बाजूला कलायला होत नाही. नळापासून पिंपापर्यंत पाइप शक्य असेल तर पाइपच. आणि त्या दिवशी चादरी नाहीत. पाण्याचा तास हा त्या दिवसाचा जड भाग धरायचा, दुसरा जड भाग दुपारनंतर.

नळ_सहाचा
पाइप ठीक. दोन अर्ध्या बादल्या म्हणजे खेपा दुप्पट नाहीत, हे नीट लिहा, नाहीतर पहिला आक्षेप तोच येईल. आणि पिंपाच्या वरून ओतायला बादली छातीपर्यंत उचलावी लागते, तेव्हा पायावर झटका बसतो. पिंपाशेजारी स्टूल ठेवून बादली आधी त्यावर, मग तांब्याने किंवा नळीने आत.

तवा_तापला
दिवाळीचं पण घाला. नंदा नऊ आठवडे शहाणी राहील आणि फराळाला एका दिवसात चकल्या, शंकरपाळी, अनारसे. त्या आठवड्यात दोन मिनिटांचा नियम कुठे जातो ते मला बघायचंय.

हळू_हळू_चल
फराळाच्या आठवड्यात वाढवायचं नाही, मागच्या आठवड्याचा आकडा कायम. एका दिवशी एकच पदार्थ. चकली साच्याने पाडणं टेबलाशी बसून, तळणं उभ्याने, एका घाण्यानंतर जागा बदलायची. तळणारी व्यक्ती आणि पाडणारी व्यक्ती वेगळी असली तर आणखी बरं. खुर्चीचा व्यायाम त्या आठवड्यात निम्मा.

बाबूराव_आपटत_नाहीत
तळायला मी तयार आहे. पहिला घाणा कोणी मोजू नये.

कोयरी
धुण्याचा प्रश्न राहिला. मोरीत बसून धुवायचं तर स्टूल किती उंच? पाटावर बसलं की उठताना नळाला लटकावं लागतं.

गोधडीवाली
पाट आणि वीतभर उंचीचं स्टूल दोन्ही बाद, त्यांवर गुडघा काटकोनाच्या बराच आत दुमडतो. बसल्यावर मांडी जमिनीला समांतर किंवा गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. म्हणजे बहुतेक बायकांना पंधरा ते अठरा इंच, आणि बादली दुसऱ्या स्टुलावर, नाहीतर कंबर मोडते. स्टुलाच्या पायांना रबर हवं, मोरी ओली असते. नळाला लटकू नका, भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या.

कोयरी
दांडा भाड्याच्या घरात बसवू देत नाहीत. दुसरा काही उपाय?